दोघांचं जेवण, एकच तवा

स्वयंपाक न येणारा माणूस आपल्या आवडत्या माणसासाठी जेवण करायला निघाला, की पहिली चूक ओट्यापाशी होत नाही. ती पदार्थ ठरवताना होते. मनात असतं पुरी, पनीरची रस्साभाजी, जिरा राईस आणि गरमागरम गुलाबजाम. यातला कुठलाही पदार्थ एकेकटा फार अवघड नाही. पण पुरी तळल्या तळल्या खायची असते, रस्सा बुडाला लागू नये म्हणून हलवत राहावा लागतो, भाताकडे लक्ष हवं असतं आणि गुलाबजाम पुन्हा गरम करायचे असतात. ही सगळी कामं जेवणाच्या आधीच्या वीस मिनिटांत एकावर एक येऊन पडतात. नेमका त्याच वेळी दार वाजतं. घाबरगुंडी उडते ती इथे.

म्हणून पदार्थ निवडताना ‘मला हे जमेल का’ या प्रश्नाआधी एक दुसरा प्रश्न विचारावा: हा पदार्थ झाल्यावर किती वेळ थांबू शकतो? श्रीखंड आदल्या दिवशी करून ठेवलं तर उलट जास्त चांगलं लागतं. सार दुपारी करून संध्याकाळी गरम करता येतं. मसालेभात गॅस बंद केल्यावर अर्धा-पाऊण तास झाकणाखाली गरम राहतो, आणि मुरतो. वांग्याचे काप मात्र पाच मिनिटंसुद्धा थांबत नाहीत, लगेच मऊ पडतात. नवशिक्याच्या ताटात असा न थांबणारा पदार्थ एकच असावा. बाकी सगळे थांबणारे. हा एक नियम पाळला की शेवटच्या क्षणी गॅसवर फक्त एक तवा उरतो.

याच हिशेबाने मी हे जेवण मांडते आहे: कपातून टोमॅटोचं सार, मुख्य जेवणाला तोंडल्याचा मसालेभात, सोबत वांग्याचे काप आणि शेवटी केशराचं श्रीखंड. पोळ्या नाहीत, आणि ते मुद्दाम. गोल, मऊ, फुगणारी पोळी हाताला सवय झाल्यावरच येते, ती एका आठवड्यात येत नाही. मसालेभात असला की ताटात पोळीची उणीव कुणाला भासत नाही. लग्नाच्या पंगतीत वाढला जाणारा हा पदार्थ, त्यामुळे घरी दोघांसाठी केला तरी त्याला रोजच्या वरणभाताचं रूप येत नाही. आणखी एक सोय म्हणजे या साऱ्या जेवणात कांदा-लसूण नाही. दोघांनी जवळ बसून घालवायच्या संध्याकाळी ही लहान गोष्ट नाही.

एक चौकशी मात्र आधी, आठवड्याच्या सुरुवातीलाच करून घ्यावी. समोरच्या माणसाला काय चालत नाही? वांग्याने काहींचा घसा खाजतो. काजू काहींना सोसत नाहीत. वांगं चालत नसेल तर त्याच कृतीने सुरणाचे किंवा कच्च्या केळ्याचे काप होतात, फक्त सुरणाच्या चकत्या आधी चिंचेच्या किंवा आमसुलाच्या पाण्यात अर्धवट उकडून घ्याव्यात. मासे खाणारी जोडी असेल तर वांग्याच्या जागी सुरमईच्या दोन तुकड्या घेता येतील, तवा तोच आणि रवाही तोच. पण पुष्कळ घरांत माशांवर दूध-दही खात नाहीत. तेव्हा श्रीखंडाच्या ऐवजी हंगाम असेल तर हापूसच्या थंडगार फोडी ठेवाव्यात. त्यांना कुठलीच कृती लागत नाही.

मापांबद्दल थोडंसं. इथे वाटी म्हणजे आमटीची नेहमीची वाटी, साधारण 150 मिलिलिटरची. चमचा म्हणजे चहाचा चमचा, मोठा चमचा म्हणजे पोह्यांचा. तुमच्या घरातली वाटी थोडी लहान-मोठी असली तरी बिघडत नाही, पण तांदूळ ज्या वाटीने मोजला त्याच वाटीने पाणी मोजायचं. भात बिघडतो तो बहुतेक वेळा वाटी बदलल्यामुळे.

आता श्रीखंड, कारण त्याची सुरुवात आदल्या रात्री होते. अर्धा किलो सायीच्या दुधाचं, घट्ट, आंबट न झालेलं दही घ्यावं. स्वच्छ मलमलच्या किंवा पातळ सुती कापडात ते ओतून, टोकं घट्ट बांधून, गाळणीवर ठेवावं आणि गाळणी एका खोल पातेल्यावर. हे सगळं फ्रीजमध्ये ठेवायचं. नळाला टांगून ठेवायची जुनी पद्धत थंडीत चालते, पण उन्हाळ्यात रात्रभर बाहेर राहिलेलं दही सकाळपर्यंत आंबट होतं आणि मग कितीही साखर घातली तरी तो आंबटपणा लपत नाही. फ्रीजमध्ये पाणी गळायला जरा जास्त वेळ लागतो, म्हणून आठ-दहा तास द्यावेत. पुरचुंडीवर एखादी जड वाटी ठेवली तर काम लवकर होतं.

चक्का तयार झाला हे ओळखायच्या दोन खुणा आहेत. कापड बाजूला करताना ते चक्क्यापासून सहज सुटून येतं, आणि बोटाने दाबलं तर खळगा तसाच राहतो, त्यात पाणी जमत नाही. पाणी दिसलं तर घाई करू नये, आणखी दोन तास तसंच ठेवावं. सारं श्रीखंड या एका गोष्टीवर उभं आहे. साखर पाणी ओढते, आणि साखर मिसळली की चक्का आधीपेक्षा सैल होतोच. मुळात ओला असलेला चक्का साखर पडल्यावर ताटात पसरायला लागतो.

अर्धा किलो दह्याचा साधारण दीड वाटी चक्का निघतो. त्यात पाऊण वाटी पिठीसाखर घालून चमच्याने नीट फेटावं आणि मग पुरणयंत्रातून किंवा बारीक गाळणीतून चमच्याच्या पाठीने दाबून काढावं. श्रीखंडाचा रेशमी पोत या गाळण्यातून येतो. मिक्सर वापरायचा मोह होईल, पण मिक्सरच्या पात्याने चक्का पातळ होतो आणि तो पुन्हा घट्ट होत नाही. दहा-बारा केशराच्या काड्या चमचाभर कोमट दुधात पंधरा मिनिटं भिजवून त्या दुधासकट घालाव्यात, दोन वेलदोड्यांची पूड घालावी, आवडत असेल तर जायफळाचा किंचित कीस. मग चव बघावी. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची, थंड पदार्थ जिभेला कमी गोड लागतो. म्हणून मिसळताना ते किंचित जास्त गोड वाटायला हवं, तरच फ्रीजमधून काढल्यावर नेमकं लागेल. कमी वाटलं तर आणखी पाव वाटी साखर घालावी. दोन छोट्या वाट्यांत भरून, वर चारोळी किंवा पिस्त्याचे काप घालून, झाकून फ्रीजमध्ये ठेवावं. हे सगळं सकाळी वीस मिनिटांत होतं. जेवणाचा शेवट सकाळीच तयार असणं हा मनाला मोठा आधार असतो.

दुपारी साराचं काम. चार लालभडक पिकलेले टोमॅटो दीड वाटी पाण्यात आठ-दहा मिनिटं उकडावेत, सालं सुटायला लागली की गॅस बंद. पूर्ण गार होऊ द्यावेत. गरम टोमॅटो मिक्सरमध्ये फिरवले तर वाफेने झाकण उडतं आणि हात भाजतात, म्हणून या गार होण्यावर माझा फार जोर आहे. सालं काढून, उकडलेल्या पाण्यासकट वाटून, गाळून घ्यावं. बिया गाळणीत राहतात. लहान पातेल्यात एक चमचा साजूक तूप तापवून त्यात अर्धा चमचा जिरं, ते तडतडलं की चिमूटभर हिंग, पाच-सहा कढीपत्त्याची पानं आणि एक हिरवी मिरची उभी चिरून घालावी. त्यावर टोमॅटोचा रस, अर्धा चमचा मीठ आणि सुपारीएवढा गूळ. पाच मिनिटं उकळावं. गावठी टोमॅटो आंबट असतात, त्यांना गूळ थोडा जास्त लागतो. संकरित टोमॅटोंना कमी. चाखूनच ठरवावं.

सार इथेच थांबवायचं. नारळाचं दूध आत्ता घालायचं नाही. नवशिक्यांचं सार बिघडतं ते इथे, ‘फुटतं’ म्हणतात ते हेच. टोमॅटो आंबट, आणि आंबट रसात नारळाचं दूध घालून ते खळखळून उकळलं की त्यातली प्रथिनं गोळा होतात, तेल वेगळं सुटतं आणि सारावर पांढऱ्या कण्या तरंगायला लागतात. चव अगदीच जात नाही, पण रूप जातं. म्हणून अर्धी वाटी दाट नारळाचं दूध वेगळं ठेवावं. पाव नारळ खवून, अर्धी वाटी कोमट पाण्याबरोबर वाटून पिळून घेतलं की झालं. डब्यातलं तयार दूधही चालेल. पाहुणा माणूस घरी आल्यावर सार गरम करायचं, गॅस बंद करायचा, आणि मग ते दूध हलवत ओतायचं. तेवढ्या उष्णतेला ते फुटत नाही. दूध फ्रीजमध्ये असेल तर तासभर आधी बाहेर काढून ठेवावं.

सार गार होत असताना दुपारीच चिराचिरी उरकून घ्यावी. आठ-दहा कोवळी तोंडली दोन्ही टोकं काढून उभी चार भागांत चिरायची. आतून लाल निघाली तर ती पिकलेली आहेत, भातात आंबूस लागतील, ती बाजूला काढावीत. दोन मोठे चमचे ओलं खोबरं, मूठभर चिरलेली कोथिंबीर, आठ-दहा काजू, लिंबाच्या दोन फोडी. प्रत्येक गोष्ट वेगळ्या वाटीत. मसालेभाताची फोडणी सुरू झाली की मध्ये काही चिरायला वेळ मिळत नाही, त्यामुळे सगळ्या वाट्या गॅसशेजारी रांगेत असायला हव्यात.

मसालेभात हा या जेवणाचा कणा आहे, म्हणून त्याच्याकडे सावकाश बघू या. तांदूळ आंबेमोहोर किंवा सुरती कोलम, एक वाटी. दोघांना एक वाटी तांदूळ पुरतो, कारण सोबत काप आहेत आणि नंतर श्रीखंड. तांदूळ दोन पाण्यांनी धुऊन, चाळणीत निथळत अर्धा तास ठेवायचा. निथळलेला दाणा वरून कोरडा होतो आणि आतून थोडा ओलावा धरतो, त्यामुळे परतताना तो तुटत नाही आणि शिजताना एकसारखा शिजतो.

जाड बुडाचं पातेलं घ्यावं आणि त्याला नीट बसणारं झाकण. दोन मोठे चमचे तेल मध्यम आचेवर तापवावं. तेल तापलं की नाही हे मोहरीचा एक दाणा टाकून कळतं. तो लगेच तडतडला तर तयार. अर्धा चमचा मोहरी घालावी, ती पूर्ण तडतडून आवाज कमी झाला की आच मंद करावी. मग तीन लवंगा, दालचिनीचा बोटभर तुकडा, एक तमालपत्र, कढीपत्ता, काजू, पाव चमचा हिंग आणि शेवटी पाव चमचा हळद. या क्रमाला कारण आहे. मोहरीला सगळ्यात जास्त उष्णता लागते, हळदीला सगळ्यात कमी. हळद आधी पडली तर मोहरी तडतडेपर्यंत ती काळी होते. फोडणी जळली तर नाकाला लगेच कळतं, कडवट, घशाला ठसका लावणारा वास येतो. अशा वेळी ती फोडणी वाचवायला जाऊ नये. तेल गार करून टाकून द्यावं, पातेलं पुसावं, पुन्हा सुरू करावं. दोन चमचे तेल आणि चिमूटभर मसाला वाया जातो, पण जळकी फोडणी पुढच्या कुठल्याही मसाल्याने झाकत नाही.

फोडणीत लगेच तोंडली घालायची आणि तीन-चार मिनिटं परतायची. तोंडल्याच्या ओलाव्याने तेलाचा ताव उतरतो, आणि मगच दीड चमचा गोडा मसाला व अर्धा चमचा लाल तिखट घालायचं. थेट तेलात पडलेला गोडा मसाला काही क्षणांत करपतो, कारण त्यात खोबरं आणि तीळ असतात. गोडा मसाला नसेल तर त्याच मापात गरम मसाला घालू नये. दगडफूल, धने, तीळ, खोबरं यांनी येणारा गोडसर वास गरम मसाल्यात नाही, आणि दीड चमचा गरम मसाल्याने दोन माणसांचा भात तिखटजाळ होतो. किराणा दुकानात गोड्या मसाल्याची लहान पाकिटं मिळतात, तेवढं एक पाकीट आणावंच.

आता निथळलेला तांदूळ घालून दोन-तीन मिनिटं हलक्या हाताने परतायचा. दाणे उलथन्यावरून सुटे घरंगळायला लागले आणि हाताला गरम लागले की बस. दुसऱ्या गॅसवर पाणी उकळत ठेवलेलं असावं. तेच दोन वाट्या, तांदूळ जुना असेल तर पाव वाटी जास्त. गार पाणी ओतलं तर तापलेलं पातेलं थंड पडतं, पुन्हा उकळी येईपर्यंत दाण्याच्या बाहेरचा पिठूळ भाग पाण्यात सुटतो आणि भात चिकट होतो. एक चमचा मीठ, एक मोठा चमचा दही आणि नखाएवढा गूळ घालून एकदा हलवावं. याच वेळी त्या पाण्याची चव बघावी. ते आमटीपेक्षा जरासं खारट लागलं पाहिजे. पाणी तांदळात शिरल्यावर ते मीठ बरोबर होतं. भात शिजल्यावर मीठ नीट मिसळत नाही, त्यामुळे चाखायची वेळ हीच.

उकळी फुटली की झाकण ठेवून आच अगदी मंद. बारा ते चौदा मिनिटं झाकण उघडायचं नाही. मला माहीत आहे, ही बारा मिनिटं लांबच लांब वाटतात आणि हात सारखा झाकणाकडे जातो. पण प्रत्येक वेळी वाफ गेली की वरचा थर कच्चा राहतो. त्याऐवजी कान द्यावा. सुरुवातीला बुडबुड्यांचा आवाज येतो, पाणी आटत आलं की तो थांबतो आणि बारीकशी चरचर ऐकू यायला लागते. ती चरचर म्हणजे गॅस बंद करायची वेळ. झाकण तसंच ठेवून पंधरा मिनिटं मुरू द्यायचं. मग साजूक तूप एक मोठा चमचा घालून, काट्याने किंवा उलथन्याच्या कडेने बाजूबाजूने मोकळा करायचा. मधोमध ढवळायचा नाही, दाणे मोडतात.

काही चुकलंच तर? दाणा दाताखाली कच्चा लागला तर पाव वाटी उकळतं पाणी शिंपडून, पातेल्याखाली तवा ठेवून, मंद आचेवर पाच-सात मिनिटं पुन्हा झाकावा. भात मऊ झाला तर पसरट ताटात पसरून पाच मिनिटं वाफ जाऊ द्यावी, थोडा तरी मोकळा होतो. बुडाला लागला असेल तर खरवडायला जाऊ नये. वरचा भात दुसऱ्या भांड्यात हळूच काढून घ्यावा, करपट वास तळाशीच राहतो.

उरले काप. भरताचं मोठं, हलकं, तकतकीत वांगं घ्यावं. हातात जड लागलं तर त्यात बिया फार असतात. त्याच्या साधारण पाऊण सेंटीमीटर जाडीच्या सहा-आठ गोल चकत्या कापाव्यात. फार पातळ काप करपतो, फार जाड आतून कच्चा राहतो. चकत्या काळ्या पडू नयेत म्हणून मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायच्या. तळायच्या दहा मिनिटं आधी बाहेर काढून फडक्याने नीट टिपायच्या, मग एक चमचा तिखट, पाव चमचा हळद, चिमूटभर हिंग, अर्धा चमचा मीठ आणि अर्ध्या लिंबाचा रस एकत्र करून दोन्ही बाजूंना चोळायचं. हे फार आधी करून ठेवू नये. मिठाने वांग्याला पाणी सुटतं, आणि ओल्या कापावर लावलेला रवा भिजून चिखल होतो. ताटलीत तीन मोठे चमचे बारीक रवा आणि एक मोठा चमचा तांदळाचं पीठ मिसळून ठेवावं आणि काप तव्यावर टाकायच्या आधी, अगदी त्याच क्षणी, त्यात दाबून घ्यावा. तांदळाच्या पिठाने कुरकुरीतपणा टिकतो, नुसता रवा लवकर मऊ पडतो.

तव्यावर दोन मोठे चमचे तेल मध्यम आचेवर तापवायचं. रव्याचा कण टाकला की चर्र झालं पाहिजे. तेल नीट तापलेलं नसेल तर वांगं ते सगळं पिऊन टाकतं आणि काप तेलकट होतात. एका वेळी तीन-चारच काप, एकमेकांना न चिकटता. आणि मग तीन-चार मिनिटं त्यांना हात लावायचा नाही. खालचा रवा भाजून कडक झाला की काप तव्यापासून आपोआप सुटतो. त्याआधी उलथनं खुपसलं तर रव्याचं कवच तव्यावरच राहतं. एकदाच उलटायचा, दुसऱ्या बाजूने पुन्हा तीन मिनिटं. चमच्याची कड मध्यभागी दाबली आणि ती सहज आत गेली म्हणजे झाला. झाल्यावर जाळीवर ठेवावेत, डब्यात झाकून ठेवू नयेत, स्वतःच्याच वाफेने मऊ होतात.

आता हे सगळं एका संध्याकाळच्या घड्याळावर मांडून बघू. समजा जेवायला येणारं माणूस आठ वाजता येणार आहे. श्रीखंड सकाळपासून फ्रीजमध्ये आहे, सार दुपारी झालं आहे, चिरलेलं सगळं वाट्यांत आहे. पावणेसातला तांदूळ धुऊन निथळत ठेवायचा आणि वांग्याच्या चकत्या मिठाच्या पाण्यात टाकायच्या. तेवढ्यात ताटं पुसून मांडायची, पाण्याचे पेले भरायचे. सव्वासातला एका गॅसवर पाणी उकळायला आणि दुसऱ्यावर फोडणी. साडेसातला पाणी ओतून झाकण. पावणेआठला गॅस बंद, झाकण तसंच, पातेल्याभोवती जाडसर टॉवेल गुंडाळायचा. आणि आता पंधरा मिनिटं तुमच्याकडे काहीही काम नाही. हात-तोंड धुऊन कपडे बदलायला हीच वेळ ठेवली आहे. फोडणीच्या वासाचे कपडे घालून दार उघडावं लागू नये, हा या वेळापत्रकातला माझा सर्वात आवडता भाग आहे.

आठ वाजता दार उघडल्यावर पाच-दहा मिनिटं बसावं, बोलावं. मग सार गरम करून, गॅस बंद करून, नारळाचं दूध घालून दोन कपांत ओतावं. आणि ते दिवाणखान्यात नेऊ नये. समोरच्याला स्वयंपाकघरातच बोलवावं. ओट्याला टेकून दोघांनी साराचे घोट घ्यावेत आणि तुम्ही कापांना मसाला चोळून तव्यावर टाकावेत. शेवटच्या मिनिटाचं जे एकमेव काम उरलं आहे, ते एकट्याने आतल्या खोलीत करायचं नाही. एकाने काप रव्यात घोळवावेत, दुसऱ्याने तव्यावर सोडावेत. पहिला काप झाला की तो ताटापर्यंत जाण्याची वाट न बघता दोघांनी तिथेच फुंकर मारून खावा, कारण तव्यावरून उतरलेल्या कापासारखा दुसरा कुठलाच लागत नाही.

वाढायचं ते साधंच. ताटात वर डाव्या बाजूला चिमूटभर मीठ आणि लिंबाची फोड. मसालेभात तूप लावलेल्या वाटीत हलकेच दाबून ताटाच्या मध्यावर मूद पाडावी, वर ओलं खोबरं आणि कोथिंबीर, आणि मधोमध पुन्हा अर्धा चमचा तूप. उजव्या बाजूला तीन काप. श्रीखंडाच्या वाट्या फ्रीजमध्येच राहू द्याव्यात, जेवण झाल्यावर बाहेर काढाव्यात. मंद उजेड हवा असेल तर निरांजन किंवा साधी मेणबत्ती पुरे, पण सुगंधी मेणबत्ती आणि उदबत्ती जेवणाच्या खोलीत लावू नये. केशर आणि गोडा मसाला दोन्हींचा वास त्यात हरवून जातो.

आणि येणारं माणूस उशिरा आलं तर? गाडी चुकली, पाऊस आला, ऑफिसातून निघायला वेळ झाला, हे होतंच. या जेवणाची खरी परीक्षा तिथे आहे. नऊ वाजले तरी श्रीखंडाला फरक पडत नाही. साराला दूध घातलेलं नसल्यामुळे ते आहे तसंच थांबतं. कापांना मसाला लावलेला नाही, चकत्या पाण्यात आहेत. फक्त भात कोमट झालेला असेल. पातेल्याखाली तवा ठेवावा, भातावर दोन चमचे गरम पाणी शिंपडावं, झाकण लावून मंद आचेवर सात-आठ मिनिटं वाफ आणावी. भात गरम होईपर्यंत साराचे कप हातात असतील आणि तवा तापायला ठेवता येईल.